लेखी परिचयाकडून दोन मिनिटांच्या निवेदनाकडे

लेखी परिचय वाचकाला पुन्हा वाचता येतो. बोललेला परिचय श्रोत्याला एकदाच ऐकायला मिळतो. म्हणून पहिल्या बैठकीत नव्या व्यवस्थापकाने लेखी परिचय वाचून दाखवू नये, त्यातून निवड करावी.

बँकेच्या शाखेत बदलून आलेल्या एका व्यवस्थापिकेच्या लेखी परिचयातील हे वाक्य पाहा : ‘त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी संपादन केली असून त्यांना कर्ज विभागातील ११ वर्षांचा प्रदीर्घ अनुभव आहे.’ बैठकीत त्या असे म्हणू शकतील : ‘मी ११ वर्षे कर्ज विभागात होते. रोखपालाच्या खिडकीवर मात्र कधी बसले नाही; ते काम मला तुमच्याकडून समजून घ्यायचे आहे.’

येथे काय बदलले, ते लक्षात घ्या. तृतीय पुरुषाच्या जागी प्रथम पुरुष आला, ‘संपादन’, ‘प्रदीर्घ’ हे शब्द गळाले आणि पदवीची जागा श्रोत्यांच्या कामाने घेतली.

श्रोत्यांच्या मनात मुख्यतः ‘आता आमच्या कामात काय बदलणार?’ हा प्रश्न असतो. त्याचे आज ठाऊक असेल तेवढेच उत्तर द्यावे : ‘पहिला महिना सध्याचीच कामवाटणी राहील.’

शेवटी मसुदा घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जेथे श्वास अपुरा पडेल, तेथे वाक्य तोडा.