जुना प्रोसेसर आणि ‘AVX2 आवश्यक’ ही अट

इंटेलचा पेंटियम जी४४०० हा प्रोसेसर २०१५ साली आला. त्याच वर्षी, त्याच पिढीतला कोअर आय-५ ६५०० सुद्धा आला. दोन्ही एकाच मदरबोर्डवर बसतात. तरीही ज्या नव्या गेमच्या अटींमध्ये AVX2 आवश्यक असं लिहिलेलं असतं, तो आय-५ वर सुरू होतो आणि पेंटियमवर बहुधा सुरूच होत नाही. इथे प्रश्न वेगाचा नाही. त्या पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉन प्रोसेसरांमध्ये इंटेलने AVX आणि AVX2 या सूचना बंद ठेवल्या होत्या. म्हणून प्रोसेसर किती जुना आहे यापेक्षा तो नेमका कोणता आहे, हे आधी पाहायला हवं.

AVX2 म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या काही जादा आज्ञा. बत्तीस बिटांच्या आठ संख्यांवरची बेरीज त्यामुळे एकाच आज्ञेत होते. AVX २०११ मध्ये आलं, ते मुख्यतः दशांश संख्यांसाठी. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून AVX2 ने तीच सोय पूर्णांकांनाही दिली. त्यामुळे २०१२ चा आय-७ ३७७० हा चार कोअरचा दणकट प्रोसेसर असूनही त्याच्याकडे AVX आहे, AVX2 नाही.

आता अट लिहिली आहे म्हणून गेम उघडणारच नाही का? हे गेम कसा बांधला आहे त्यावर ठरतं. काही गेम सुरू होतानाच प्रोसेसरला विचारतात आणि नकार मिळाला की संदेश दाखवून थांबतात. काही गेममध्ये एकाच कामाचे दोन मार्ग लिहिलेले असतात; AVX2 नसेल तर जुन्या मार्गाने काम होतं, आणि तिथे अट कागदावरच राहते. पण संपूर्ण गेमच AVX2 गृहीत धरून कंपाइल केला असेल, तर त्या आज्ञा कोडभर विखुरलेल्या असतात. अनोळखी आज्ञा समोर आली की प्रोसेसर ती टाळून पुढे जाऊ शकत नाही. तो थांबतो आणि विंडोज तो प्रोग्राम बंद करते.

ही आज्ञा कधी समोर येईल, तेही सांगता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ आला, तेव्हा AVX नसलेल्या संगणकांवर तो सुरू व्हायचा, खेळताही यायचा, आणि प्रस्तावनेच्या शेवटी कोसळायचा. त्या टप्प्यावर पहिल्यांदा AVX ची आज्ञा लागत होती. निर्मात्यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती देऊन AVX चा वापर काढून टाकला आणि तेच जुने प्रोसेसर पुढे चालू लागले. म्हणजे पहिली दहा मिनिटं नीट गेली, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

गेम अचानक बंद झाला, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अॅप्लिकेशनच्या नोंदी पाहा. तिथे `0xc000001d` हा कोड दिसला, तर त्याचा अर्थ प्रोसेसरला न समजणारी आज्ञा असा आहे. मग ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसण्यात वेळ घालवू नका. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम उघडा आणि Instructions च्या ओळीत AVX2 आहे का ते बघा. कधी कधी प्रोसेसरमध्ये सोय असते, पण विंडोजच ती बंद ठेवते. अशा वेळी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून ही आज्ञा देऊन संगणक पुन्हा सुरू केला की ती परत मिळते:

```
bcdedit /set xsavedisable 0
```

ज्या प्रोसेसरमध्ये AVX2 मुळातच नाही, त्याला मात्र कुठल्याही सेटिंगने ते मिळत नाही. यावर इंटेलचाच एसडीई नावाचा मोफत एम्युलेटर आहे. तो न समजणाऱ्या आज्ञा सॉफ्टवेअरने करून दाखवतो:

```
sde -hsw -- Game.exe
```

याने काही गेम उघडतात हे खरं. पण एसडीई हे प्रोग्राम तपासणाऱ्या विकासकांचं साधन आहे. प्रत्येक आज्ञा त्याच्या हातून जात असल्याने वेग इतका घसरतो की मेनू दिसला तरी खेळता येत नाही. ऑनलाइन गेममध्ये तर हा प्रयोग करूच नये. तिथली फसवणूकविरोधी यंत्रणा अशा मध्यस्थाला घुसखोर समजू शकते आणि खातं गमावण्याची वेळ येऊ शकते.

जी४४०० वाल्यांसाठी माझा सल्ला एकच आहे. मदरबोर्ड आणि रॅम आहे तीच ठेवा आणि सेकंडहँड आय-५ ६५०० शोधा. अट पूर्ण होईल आणि दोनाऐवजी चार कोअर मिळतील. नवा गेम त्यावर सुरू झाला तरी सुरळीत चालेलच, अशी हमी मात्र धरू नका. आय-७ ३७७० वाल्यांना हा मार्ग नाही, कारण त्या सॉकेटसाठी AVX2 असलेला एकही प्रोसेसर निघालेला नाही. त्यांना मदरबोर्डच बदलावा लागेल. तोवर गेम विकत घेण्याआधी परतावा मिळण्याची मुदत किती आहे, ते वाचून घ्या.