बुकीच्या भावातून खरी शक्यता कशी काढायची?

समजा, मुंबई सिटीच्या फुटबॉल सामन्याचे भाव असे आहेत: विजय 1.50, बरोबरी 4.00, पराभव 6.00. प्रत्येक भावाने 1 ला भागा: 66.7, 25 आणि 16.7 टक्के. बेरीज होते 108.3. वरचे 8.3 म्हणजे बुकीचा कट.

प्रमाण पद्धत: प्रत्येक आकड्याला 1.083 ने भागा. उत्तर 61.5, 23.1, 15.4.

घात पद्धत: 0.667, 0.25, 0.167 यांना एकच घातांक k द्या. बेरीज 1 होईपर्यंत k बदला. इथे k सुमारे 1.0965, उत्तर 64.1, 21.9, 14.0.

फरक का? बुकी बहुधा कमकुवत संघाच्या भावात जास्त कट लपवतात. घात पद्धत तिथेच जास्त कापते. कोणती अचूक, हे एका सामन्यावरून कळत नाही. शेकडो निकालांशी ताडून पाहा.