सुरमई नसताना काय कराल, शेफ?

हॉटेलातल्या मुख्य शेफला टपाल बघायला सवड मिळते ती दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये. दुपारची जेवणं आटोपलेली असतात, रात्रीची तयारी अजून अंगावर आलेली नसते. मनुष्यबळ विभागाकडून आलेले अर्ज त्या वेळात चहाच्या कपाशेजारी ठेवून वाचायचे, हे काम मी बरीच वर्षं केलं. अर्जासोबतच्या पत्रात, म्हणजे कव्हर लेटरमध्ये, बहुतेकांचा मजकूर सारखाच असे. मी मेहनती आहे, दबावाखाली काम करू शकतो, स्वच्छतेबाबत काटेकोर आहे, स्वयंपाक ही माझी आवड आहे. आपण आळशी आहोत आणि हात धूत नाही, असं लिहिणारा मला एकही भेटला नाही. त्यामुळे या वाक्यांवरून काहीच ठरत नसे.

उपयोगी पत्र कसं असतं, हे सांगायला एक पत्र बेतून दाखवतो. लिहिणारा पुण्यातल्या एका हॉटेलात ‘शेफ द पार्टी’ आहे, म्हणजे एका विभागाचा प्रमुख. त्याच्याकडे मालवणी पदार्थांचा विभाग आहे, हाताखाली चार ‘कॉमी’ आहेत. अर्ज अलिबागजवळच्या साठ-सत्तर खोल्यांच्या हॉटेलात ‘सू शेफ’च्या जागेसाठी आहे. सू शेफ म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा; साहेब नसताना सगळं स्वयंपाकघर त्याच्या अंगावर. आता त्याला एका विभागापलीकडचा विचार जमतो का, एवढंच पत्रातून कळायला हवं. असं पत्र बहुधा इंग्रजीत जातं, पण आपण मराठीतच वाचू.

पहिला परिच्छेद मेनूचा.

‘आदरणीय शेफ, आमच्याकडे सर्वांत जास्त खपणारा पदार्थ सुरमई फ्राय. अख्खी सुरमई ७०० रुपये किलोनं येते. डोकं, शेपूट, पोटातलं जाऊन तुकड्यांना ६५ टक्के उरते. म्हणजे तुकडे पडले १,०७७ रुपये किलोला. ताटातला १८० ग्रॅमचा तुकडा १९४ रुपयांचा, मसाला-रवा-तेल-सोलकढी धरून २३०. विक्री ६९० ला. १ जूनला मासेमारी बंद झाली की भाव हजारावर जातो आणि तोच पदार्थ ३१३ रुपयांना पडतो. गेल्या वर्षी मी जून-जुलैसाठी सुरमई आणि पापलेट कार्डावरून काढले.’

भावाचे आकडे दर आठवड्याला बदलतात, ते सोडून द्या. बघायचं ते गणित. शंभर रुपयांच्या विक्रीमागे कच्चा माल किती रुपयांचा, याला धंद्यात ‘फूड कॉस्ट’ म्हणतात. इथे ती ३३ वरून ४५ वर गेली. नवखा शेफ हिशेब करताना बाजारातला ७०० हाच आकडा धरतो आणि डोकं-शेपटीचे पैसे विसरतो. मग महिनाअखेरीला, सगळी टेबलं भरलेली असूनही नफा कुठे गेला, हे त्याला कळत नाही. या मुलानं ६५ टक्के लिहिलं, म्हणजे त्यानं स्वतः काट्यावर मासा साफ होण्याआधी आणि झाल्यावर तोलून पाहिलाय.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम आणि खवळलेला समुद्र, दोन्ही त्यामागे आहेत. या दिवसांत बऱ्याच ठिकाणी बर्फातली जुनी सुरमई ‘ताजी’ म्हणून वाढली जाते. पत्र लिहिणारा पुढे काय केलं तेही सांगतो:

‘त्याऐवजी तळ्यात वाढवलेला जिताडा, संवर्धन केलेली कोळंबी, सोडे घालून भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण ठेवलं. फोडशी आणि टाकळा मिळतील त्या दिवशी फळ्यावर. बोंबलाचं कालवण जेवणाचा मुख्य पदार्थ म्हणून चाललं नाही, पाच दिवसांत बंद केलं. तेच बोंबील भाजून, कांदा-कोकमाची चटणी करून, भाकरीसोबत छोट्या बशीत दिले तेव्हा चालले.’

इथे मी पेन्सिलीनं खूण केली असती. कोकणातल्या घरात पावसाळ्यात हेच खातात, त्यामुळे पर्याय त्यानं हवेतून आणलेला नाही. शिवाय फसलेला पदार्थ त्यानं लपवला नाही, आणि फेकलाही नाही; त्याचा आकार बदलला. जिताडा रायगडच्या खाजणातल्या तळ्यांमध्ये होतोच, म्हणजे अलिबागला गेल्यावर काय मिळेल याचा विचारही झालेला दिसतो. एक गोष्ट मात्र मी त्याला मुलाखतीत विचारली असती: सुके बोंबील कुठे भाजलेस? वातानुकूलित जेवणघराच्या बाजूला भाजलेस तर त्या दिवशीचं आइस्क्रीमसुद्धा बोंबलाचं लागतं.

दुसरा परिच्छेद स्वच्छतेचा. मला वाटतं, पत्राचा कस लागतो तो इथे.

‘आमची कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही ४० लिटरच्या टोपात व्हायची आणि रात्री तशीच वॉक-इन फ्रिजमध्ये जायची. सकाळी सातला मधोमध थर्मामीटर घातला, २६ अंश. तेव्हापासून ती दोन इंच खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओततो, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवतो. ६० वरून २१ अंशावर दोन तासांच्या आत, तिथून ५ वर पुढच्या चार तासांच्या आत. न जमल्यास ग्रेव्ही फेकतो. वेळ आणि तापमान वहीत लिहितो.’

फ्रिजमध्ये ठेवलं की अन्न गार झालं, ही समजूत घरात चालून जाते, कारण घरातलं पातेलं लहान असतं. ४० लिटरच्या टोपाची कड गार होते आणि मधला भाग रात्रभर कोमट राहतो. ५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत. कोमट ग्रेव्हीत ती पुन्हा जागी होऊन वाढतात. भाताच्या बाबतीत तर त्यातला एक जंतू असं विष तयार करतो की भात पुन्हा गरम केला तरी ते जात नाही. वास येत नाही, रंग बदलत नाही, चवही बरी लागते. म्हणून ‘चाखून बघतो, नाकाला कळतं’ म्हणणाऱ्या शेफची मला भीती वाटते.

माझ्या उमेदवारीतली गोष्ट. एका हॉटेलात मी रात्री अशीच भरल्या टोपावर झाकण घालून घरी गेलो होतो. सकाळी आमच्या शेफनी थर्मामीटर घातला, आकडा मला दाखवला, आणि सगळा टोप माझ्याच हातानं मोरीत ओतायला लावला. ते काही बोलले नाहीत. चाळीस लिटर ग्रेव्ही जायला बराच वेळ लागतो.

तापमानाची वही हा आणखी एक गमतीचा प्रकार. अन्नसुरक्षेची तपासणी जवळ आली की कित्येक स्वयंपाकघरांत महिनाभराच्या नोंदी एका दुपारी भरल्या जातात. एकाच पेनानं, एकाच हातानं, रोज सकाळ-संध्याकाळ बरोबर ४ अंश. खऱ्या वहीत आकडा हलतो. दुपारी दार सारखं उघडतं तेव्हा ७ येतो, मग शेजारी ‘दार बंद केलं, पुन्हा पाहिलं, ५’ अशी ओळ असते. मुलाखतीला आलेल्याला मी विचारायचो, तुझा थर्मामीटर बरोबर आहे हे तुला कसं कळतं? ज्याला माहीत असे तो लगेच सांगे: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घ्यायचं, कांडी मधोमध धरायची, शून्य दाखवायला हवं.

तिसरा परिच्छेद गर्दीच्या वेळचा. ‘दबावाखाली काम करतो’ हे वाक्य काढून त्यानं असं लिहिलंय:

‘शनिवारी साडेआठ ते साडेनऊ आमच्याकडे ७० तांदळाच्या भाकऱ्यांची मागणी येते. एक बाई, एक तवा, एका भाकरीला दोन मिनिटं, म्हणजे तासाला ३०. मासा तळून दिव्याखाली थांबायचा आणि मऊ पडायचा. तक्रार माशाची यायची, अडत होतं भाकरीपाशी. मी तवे तीन केले. एक जण उकड मळून थापतो, दुसरा भाजतो. आता तासाला ७५ निघतात. शिवाय पासवर ऑर्डर भाकरीपासून उलटी मोजून पुकारतो.’

पास म्हणजे स्वयंपाकघर आणि वाढपी यांच्या मधला कट्टा. ऑर्डरची चिठ्ठी, केओटी, तिथे येते आणि पुकारणारा ती मोठ्यानं वाचतो. सहा जणांच्या टेबलाचं उदाहरण घेऊ: तीन सुरमई फ्राय, दोन कोळंबी मसाला, आठ भाकऱ्या. मासा तळायला आठ मिनिटं, कोळंबीला सहा. एकाच तव्यावर आठ भाकऱ्यांना सोळा. तिन्ही एकदम पुकारले तर मासा तयार होतो तेव्हा चारच भाकऱ्या झालेल्या असतात. तीन तव्यांवर त्याच आठ भाकऱ्या सहा-सात मिनिटांत होतात. मग आधी मासा, दीडएक मिनिटानं भाकरी, तिच्या पाठोपाठ कोळंबी असं पुकारलं की सगळं एकत्र पासवर येतं. भरल्या रात्री अशा बारा-पंधरा चिठ्ठ्या एकाच वेळी लावलेल्या असतात. त्या वेळी ओरडणारा शेफ कामसू वाटतो खरा, पण ज्याच्या पासवर आवाज कमी असतो त्याचं गणित बहुधा आधी झालेलं असतं.

तीन तव्यांवर तासाला ७५ ऐवजी ९० का नाहीत, हेही मी विचारलं असतं. तीन तव्यांचं कागदावरचं उत्तर ९० येतं. त्यानं ७५ लिहिलं, कारण मध्ये पीठ संपतं, तवा पुसावा लागतो, गॅस कमी-जास्त होतो. प्रत्यक्ष मोजणाऱ्याचा आकडा असाच थोडा खाली असतो.

शेवटी त्यानं दोनच ओळी लिहिल्यात. सध्याच्या हॉटेलात एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल, आणि चाचणीला सांगाल तेव्हा येईन. पगाराचा उल्लेख नाही, तो पहिल्या पत्रात नसलेलाच बरा. कुठल्या नट-नटीला जेवू घातलं याची यादी नाही. सगळं एका पानात बसलंय.

दोष काढायचाच तर एक आहे. चार कॉमींपैकी कोणाला त्यानं काय शिकवलं, कोण आता त्याच्या गैरहजेरीत विभाग सांभाळतो, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. तीन तवे मीच केले, थर्मामीटर मीच घातला, पुकारतोही मीच. सू शेफला सुटीच्या दिवशीही स्वयंपाकघर नीट चालवून दाखवावं लागतं. त्याच्या जागी मी असतो तर बोंबलाच्या परिच्छेदातली एक ओळ कमी करून ही ओळ घातली असती.

तरी मी त्याला बोलावलं असतं. चाचणीसाठी शनिवार, संध्याकाळी सात वाजता, स्वतःची सुरी घेऊन.