ज्या वर्गाकडे बाईंची पाठ असते

जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेत पटावर साठपर्यंत मुलं असली, तर शिक्षणहक्क कायद्यानुसार तिथे दोन शिक्षक मिळतात. एकसष्टावं मूल आलं की तिसरा. म्हणजे चाळीस-पन्नास पटाच्या शाळेत चार इयत्ता आणि दोन शिक्षक हे गणित कायद्यानंच मांडून ठेवलेलं आहे. शिक्षक रजेवर गेला किंवा जागा रिकामी राहिली म्हणून कधीतरी ओढवणारी अडचण ती नव्हे. वाडी-वस्तीवरच्या शाळेचा तो रोजचा दिवस आहे. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी.

अशा खोलीचं टाचण काढताना बहुतेक शिक्षक आधी ठरवतात, की आज तिसरीला काय शिकवायचं आणि चौथीला काय शिकवायचं. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाकडून करायला हवी. दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ प्रत्येक वर्गाकडे बाईंची पाठ असणार आहे. त्या वेळात तो वर्ग काय करणार, हे आधी ठरवायचं. शिकवण्याचं नियोजन त्याच्या मागून येतं आणि तुलनेनं सोपंही असतं.

ठरवलं नाही तर काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘पाठ उतरवून काढा’ किंवा ‘पाढे लिहा.’ वर्ग शांत बसतो, माना खाली असतात, पेन्सिली चालतात. बाहेरून येणाऱ्याला मुलं कामात दिसतात. पण त्यातली एखादी वही उचलून पाहावी. सातचा पाढा लिहिताना मुलानं आधी वरपासून खालपर्यंत सगळे सात लिहिलेले असतात, मग सगळे गुणिले, मग एक ते दहा. पाढा असा उभ्या ओळींनी उतरला, की गुणाकार मुलाच्या डोक्यातून गेलेलाच नसतो.

आता एक जोडतास नीट पाहू. तिसरीत अकरा मुलं, चौथीत नऊ, विषय गणित, घटक भागाकार. दोन्ही इयत्तांना हा घटक आहे, फक्त पायरी वेगळी. तिसरीनं समान वाटणी आदल्या दिवशी करून पाहिली आहे, आज सराव. चौथीला आज नवीन भाग: दशक सुटा करून भाग द्यायचा. या खोलीचा पहिला नियम इथेच दिसतो. एकाच तासाला दोन्ही वर्गांना नवीन भाग काढायचा नाही. नवीन भागाला बाई लागतात, सरावाला त्या नसल्या तरी चालतं. दोन्हीकडे नवीन काढलं, की एक वर्ग ताटकळतो.

पहिली दहा मिनिटं सगळे एकत्र. मधोमध चोवीस चिंचोके. चौघांना सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? तिसरीतलं मूल एकेक वाटून सांगतं, चौथीतलं पाढ्यावरून सांगतं, आणि दोघांचं उत्तर सहाच येतं. मग तिसरीच्या जोड्यांना चिंचोक्यांची पुडी आणि चार चिठ्ठ्या मिळतात: अठरा चिंचोके तिघांत, वीस पाच जणांत, चोवीस सहा जणांत आणि शेवटची सतरा पाच जणांत. प्रत्येक वाटणीचं चित्र वहीत काढायचं आणि खाली मांडणी करायची. हे काम फळ्यावर लिहून ठेवलेलं असतं. बाई वळण्याआधी एका मुलाला ते आपल्या शब्दांत सांगायला लावतात. यात दोन मिनिटं जातात. ती वाचवायला गेलं, की पुढची वीस मिनिटं ‘बाई, काय करायचं?’ यात जातात.

मग चौथी. पंचाहत्तर भागिले तीन. दहा-दहा काड्यांचे सात गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या. तीन मुलं पुढे बसतात. प्रत्येकाला दोन गठ्ठे दिले, एक गठ्ठा उरला. त्याचं काय करायचं? इथे बाईंनी गप्प राहायचं असतं. कुणीतरी म्हणतंच, ‘रबर काढा.’ रबर काढला की दहा सुट्ट्या, आधीच्या पाच मिळवून पंधरा, प्रत्येकाला पाच. उत्तर पंचवीस. मग हेच फळ्यावर मांडायचं. प्रत्येक पायरीला काड्यांकडे बोट दाखवलं, की ‘वरचा पाच खाली घ्यायचा’ हे वाक्य मंत्र राहत नाही. उरलेला दशक सुटा होऊन पाचात मिसळतो, हे मुलांनी आत्ताच हातानं केलेलं असतं. आणखी एक उदाहरण, आणि वीस मिनिटं झाली.

आता अदलाबदल. चौथीला चार उदाहरणं: शहाण्णव भागिले चार, चौऱ्याऐंशी भागिले सहा, सत्तावन्न भागिले तीन, बाहत्तर भागिले पाच. प्रत्येकाचा ताळा करायचा. चौदा गुणिले सहा चौऱ्याऐंशी आले तरच पुढचं उदाहरण. शेवटच्याला चौदा येऊन दोन उरतात, तेव्हा ताळ्यात ते दोन मिळवावे लागतात. ताळा ही या खोलीत बाईंची दुसरी जोडी आहे. बरोबर की चूक हे मुलाला स्वतःला कळतं, त्यामुळे वही घेऊन कुणी टेबलाशी रांग लावत नाही. बाईंविना करायचं प्रत्येक काम निवडताना हे पाहायचं, की उत्तर तपासायची सोय कामातच आहे का. गणितात ताळा असतो. शब्दांच्या जोड्या लावायच्या असतील तर पट्टीच्या मागे खूण करता येते. निबंधात अशी सोय नाही, म्हणून निबंध बाई जवळ असताना लिहवून घ्यायचा.

तिसरीकडे बाई येतात तेव्हा सतरावरून वाद रंगलेला असतो. काहींनी दोन चिंचोके लपवले आहेत, एका जोडीनं दोन मुलांना चार-चार दिले आहेत. ‘बाकी’ हा शब्द काढायची हीच वेळ. शेवटची चिठ्ठी मुद्दाम तशी ठेवली होती. सगळ्या वाटण्या सुखासुखी जुळल्या असत्या, तर बाईंना येऊन बोलण्याजोगं काही उरलं नसतं. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिसरीच्या जोड्या भागाकाराची एकेक गोष्ट तयार करतात, लाडू, बोरं, गाडीतल्या जागा, आणि ती चौथीनं सोडवायची असते. गोष्ट अडखळली तर चौथी ती परत पाठवते.

कागदावर हे सुरेख दिसतं. प्रत्यक्षात ते बिघडतं दोन जागी. एक म्हणजे अडलेलं मूल. पहिल्याच चिठ्ठीला अडलं की ते हात वर करून बसतं, आणि पाचव्या मिनिटाला चिंचोके उडायला लागतात. त्यासाठी क्रम ठरवून द्यावा लागतो: आधी चिठ्ठी पुन्हा वाचायची, मग जोडीदाराला विचारायचं, मग गटप्रमुखाला, आणि तरीही सुटलं नाही तर चिठ्ठी ‘अडलं’ लिहिलेल्या डब्यात टाकून पुढची घ्यायची. बाई वर्गाकडे वळल्या, की आधी तो डबा उघडतात. डब्यात एकच चिठ्ठी पाच जोड्यांनी टाकली असेल तर दोष मुलांचा नाही, चिठ्ठी अवघड झाली. गटप्रमुख दर आठवड्याला बदलायचा. हुशार मुलीलाच कायम तो मान दिला, तर ती वर्षभर दुसऱ्यांना समजावत राहते आणि तिचं स्वतःचं शिकणं तिथेच थांबतं.

दुसरी जागा म्हणजे लवकर आटोपणारं मूल. त्याला आणखी चार उदाहरणं दिली तर भरभर काम करणं ही शिक्षा ठरते, आणि चलाख मुलं हळू काम करायला शिकतात. त्याच्या हाताशी गोष्टीची पुस्तकं किंवा कोड्यांचा डबा असावा आणि तो त्यानं न विचारता उघडावा.

खोलीची मांडणीही नियोजनातच येते. एकाच फळ्यावर उभी रेघ मारून दोन इयत्ता बसवल्या, की तिसरीचं मूल चौथीचं शिकवणं ऐकत बसतं. समोरासमोरच्या भिंतींवर दोन फळे असावेत आणि वर्ग पाठीला पाठ लावून बसावेत. बाईंनी मुलांसोबत खाली बसून शिकवावं. आवाज आपोआप उतरतो.

परिसर अभ्यासाला मात्र खोली दुभंगायची गरज नाही. चौथीच्या इतिहासातली शिवाजी महाराजांची गोष्ट तिसरीही कान देऊन ऐकते. त्यानंतर तिसरीनं प्रसंगाचं चित्र काढायचं आणि चौथीनं घटनांचा क्रम लावायचा. परिपाठ, कार्यानुभव, खेळ, गाणी हेही सगळं एकत्रच. त्यामुळे गणित आणि भाषेचे तासच काय ते अदलाबदलीचे राहतात. त्यातला अवघड भाग मध्यंतराच्या आधी उरकावा. खिचडीनंतर मुलांचं एकट्यानं काम करणं फार टिकत नाही.

इयत्तांच्या जोड्या कोणत्या लावाव्यात, यावर शिक्षकांत एकमत नाही. पहिली-दुसरी एकत्र हा रूढ मार्ग, पण त्या खोलीत स्वतः वाचून काम करू शकणारं जवळजवळ कुणीच नसतं, निदान दिवाळीपर्यंत. दोन्हीकडे बाई लागतात. पहिलीला चौथीसोबत बसवलं तर चौथी एकटी काम करते आणि पहिलीला वेळ मिळतो, पण सामाईक घटक हातचा जातो. मी दुसरी वाट पसंत करीन. पहिलीला वाचता आलं नाही, तर पुढे तीन वर्षं तिला एकटीनं काम करता येत नाही.

आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी इयत्तांची भिंतच काढून टाकली. प्रत्येक मूल खुणांच्या शिडीवर आपल्या वेगानं कार्डं सोडवत वर जातं. कर्नाटकातल्या ‘नली-कली’नं हीच कल्पना सरकारी शाळांत नेली. पण त्यासाठी कार्डांचे अख्खे संच हवेत, आणि ते एकट्या शिक्षकानं रात्री जागून करण्याजोगं काम नाही.

चिंचोके आणि काड्या मात्र कुठल्याही गावात मिळतात. हे नियोजन कोलमडतं ते वेगळ्याच कारणानं. दोनपैकी एक शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा माहिती भरायला गेला, की एका माणसापुढे चार इयत्ता येतात. दोन वर्गांसाठी आखलेला दिवस चारांवर ताणता येत नाही.

तुम्ही अशा शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असाल, आणि तिथे बहुतेक सदस्य पालकच असतात, तर पुढच्या सभेत दोन ठराव मांडा: प्रत्येक खोलीत समोरच्या भिंतीवर दुसरा फळा, आणि शाळेच्या वेळेत दुसऱ्या शिक्षकाला बाहेरच्या कामाला न पाठवण्याची लेखी विनंती. आणि शाळेत गेलात, तर बाई शिकवत असलेल्या वर्गाकडे पाहू नका. दुसऱ्या वर्गात जाऊन बसा आणि एखादी वही मागून घ्या.