कीड, किंमत आणि लॉग-लॉग उताराचा अर्थ

एखाद्या भागात किडीने दहा टक्के पीक नष्ट केले, तर नुकसान किती रुपयांचे झाले? आम्ही कीटकशास्त्रज्ञ या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका गुणाकाराने देतो: घटलेले उत्पादन गुणिले बाजारभाव. कृषी अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्प-समितीवर काम करताना हा गुणाकार किती अपुरा आहे, हे मला नव्याने उमगले. पीक घटले की भावही हलतो. तो किती हलतो, हे सांगणारी संख्या म्हणजे लॉग-लॉग रिग्रेशनचा उतार. हा उतार काढायला दोन मिनिटे पुरतात. वाचताना मात्र चुका होतात.

उदाहरणासाठी एक जुने कोष्टक घेऊ. इंग्रज लेखक चार्ल्स डॅव्हेनंट याने ते १६९९ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचे श्रेय सामान्यतः ग्रेगरी किंग याला दिले जाते. धान्याचे पीक नेहमीपेक्षा एक दशांशाने घटले, तर किंमत तीन दशांशाने वाढते; दोन दशांशाने घटले तर आठ, तीनने घटले तर सोळा, चारने घटले तर अठ्ठावीस आणि पाच दशांशाने घटले तर पंचेचाळीस दशांशाने वाढते. म्हणजे नेहमीचे पीक १०० आणि नेहमीची किंमत १०० धरली, तर पीक १००, ९०, ८०, ७०, ६०, ५० असताना किंमत अनुक्रमे १००, १३०, १८०, २६०, ३८०, ५५० होते.

हे आकडे साध्या आलेखावर मांडले तर वक्र रेषा मिळते. पीक आणि किंमत या दोहोंचे लॉगॅरिदम घेऊन मांडले, की सहाही बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. स्प्रेडशीटमध्ये B स्तंभात पीक आणि C स्तंभात किंमत असेल, तर D मध्ये `=LN(B2)` आणि E मध्ये `=LN(C2)` लिहून ती सूत्रे खाली ओढावीत. मग उतार असा मिळतो:

```
=SLOPE(E2:E7,D2:D7)
```

उत्तर येते सुमारे उणे २.५. LN ऐवजी दहाच्या पायाचा लॉग घेतला तरी उतार तोच राहतो, कारण पाया बदलल्याने दोन्ही अक्ष सारख्याच प्रमाणात बदलतात. क्विंटलऐवजी टन घेतले तरी उतार हलत नाही. फक्त रेषा सरकते. उताराला स्वतःचे एकक नसते. म्हणूनच तो टक्केवारीच्या भाषेत वाचता येतो: पीक एक टक्क्याने घटले, तर किंमत सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते.

पहिली चूक इथेच होते. एक टक्क्याला अडीच, तर दहा टक्क्यांना पंचवीस, असे विद्यार्थी लिहून मोकळा होतो. कोष्टक मात्र तीस सांगते. उतार चुकलेला नाही. तो लहान बदलांसाठी आहे. मोठ्या बदलासाठी गुणोत्तराचा घात घ्यावा लागतो. ०.९ चा उणे २.५ वा घात सुमारे १.३० येतो, म्हणजे तीस टक्के वाढ. पीक निम्मे झाले तर ०.५ चा तोच घात सुमारे ५.७ येतो, आणि कोष्टकातील किंमत आहे ५.५ पट. सरळ गुणाकाराने मात्र केवळ सव्वादोन पट किंमत निघाली असती.

आता किडीच्या हिशेबाकडे वळू. नेहमीच्या वर्षी सर्व उत्पादकांचे मिळून उत्पन्न १०० गुणिले १००, म्हणजे दहा हजार. दहा टक्के पीक गेल्यावर ९० गुणिले १३०, म्हणजे अकरा हजार सातशे. आमच्या गुणाकाराने एक हजाराचे नुकसान दाखवले असते. प्रत्यक्षात उत्पादकांच्या हाती एकत्रितपणे सतराशे अधिक आले आणि भार ग्राहकावर पडला. पण हा एकत्रित आकडा सांगून कोणत्याही शेतकऱ्याचे सांत्वन करू नये. ज्याचे निम्मे पीक गेले त्याला नेहमीच्या शंभराऐवजी ५० गुणिले १.३, म्हणजे ६५ मिळतात. कीड न लागलेल्या शेजाऱ्याला १३० मिळतात. कीड-नियंत्रणाच्या शिफारशीचा लाभ मांडताना एका शेताचा हिशेब आणि संपूर्ण बाजारक्षेत्राचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, तो यासाठीच.

किंगचे कोष्टक मात्र सतराव्या शतकातील इंग्लंडचे आहे. जिथे आयात, सरकारी साठा किंवा हमीभाव आहे, तिथे उतार बराच सौम्य होतो. कापसासारख्या पिकाचा भाव जागतिक बाजाराशी जोडलेला असतो. एका जिल्ह्यात बोंडअळीने घट आणली म्हणून तो फारसा वाढत नाही. तिथे आमचा जुना गुणाकार बऱ्याच अंशी बरोबर ठरतो!

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. वरचा उतार म्हणजे मागणीची लवचिकता नव्हे. लवचिकता विचारते: किंमत एक टक्का बदलली तर मागणी किती बदलते? आपण उलटे विचारले आहे. या उताराला अर्थशास्त्रात ‘प्राइस फ्लेक्सिबिलिटी’ म्हणतात. त्याचा व्यस्त घेऊन लवचिकता उणे ०.४ असे सांगण्याची रीत आहे, आणि किंगच्या कोष्टकात ते चालून जाते, कारण बिंदू रेषेवर घट्ट बसलेले आहेत. बाजार समितीच्या विखुरलेल्या आकड्यांत ते चालत नाही. समजा, किमतीचा आवकेवरील उतार उणे ०.८ आणि आर-वर्ग ०.४ आला. व्यस्त घेतल्यास लवचिकता उणे १.२५, म्हणजे मागणी लवचिक. अक्षांची अदलाबदल करून रिग्रेशन केल्यास उतार उणे ०.५, म्हणजे मागणी अलवचिक. दोन्ही उतारांचा गुणाकार आर-वर्गाइतका असतो, म्हणून ही तफावत अटळ आहे. डाव्या बाजूला काय ठेवले, हे प्रकल्प-अहवालात स्पष्ट लिहिलेच पाहिजे. `SLOPE` मध्ये डावी बाजू आधी लिहिली जाते. आमच्या विद्यार्थ्याची गफलत नेमकी तिथेच झाली होती.

त्याहून खोल अडचण म्हणजे आवक स्वतःच भावाकडे पाहून ठरते. भाव चढला की शेतकरी माल बाहेर काढतो. मग रोजच्या आकड्यांतून उतार शून्याजवळ किंवा चक्क धन येतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांना १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाचा असाच धन उतार मिळाला आणि त्यांनी तो मागणीचा नवा प्रकार मानला. पुरवठा स्थिर असताना मागणी हलली, तर बिंदू पुरवठ्याच्या रेषेवरच पडतात, ही त्यातील मेख आहे. मागणीची रेषा दिसण्यासाठी मागणीला न हलवता पुरवठा हलवणारे काही तरी हवे. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये या मार्गाची मांडणी केली. पाऊस हे असे कारण असू शकते, किडीचा प्रादुर्भावही. मात्र किडीने मालाची प्रत बिघडली असेल, तर मागणीही हलते आणि ही वाट बंद होते. डागाळलेल्या कापसाला कमी भाव मिळतो, तो कमतरतेमुळे नव्हे.

एक सवय मात्र आम्हा कीटकशास्त्रज्ञांकडून घेऊ नये. सापळ्यात शून्य पतंग आले की आम्ही प्रत्येक संख्येत एक मिळवून लॉग घेतो. विद्यार्थ्याने आवकेबाबत तेच केले होते. आवक क्विंटलमध्ये असताना एक मिळवणे आणि टनांत असताना एक मिळवणे, यांतून वेगवेगळे उतार येतात. एककनिरपेक्ष असण्याचा गुणच नाहीसा होतो. त्याच्या तक्त्यातील शून्ये तपासली, तेव्हा त्या दिवशी बाजार बंद होता असे आढळले. भावच निघाला नसल्याने त्या नोंदी वगळायच्या होत्या.