सुरकुतीची दिशा ओळखा, कागद फुलेल

गणपती आठ-दहा दिवसांवर आले की स्टेशनरीच्या दुकानात क्रेप कागदाची पाकिटे पुढच्या फळीवर येतात. थर्माकोलच्या मखरांवर महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली आणि जुलै २०२२पासून सजावटीचे थर्माकोल देशभर बंद झाले. तेव्हापासून घरगुती आरास पुन्हा कापड, कागद आणि बांबूकडे वळली आहे. त्यात क्रेप कागदाची फुले स्वस्त पडतात, वजनाला हलकी असतात आणि घरातल्या कात्रीने होतात. तरीही बऱ्याच घरांत ती पहिल्या दिवशी टवटवीत दिसतात आणि गौरी येईपर्यंत माना टाकतात. याचे कारण बहुतेक वेळा हातात नसते, कागद कापण्याच्या दिशेत असते.

क्रेप कागद तयार होतो तेव्हा ओलसर कागद एका मोठ्या गरम रुळावर चिकटवतात आणि पात्याने खरवडून काढतात. पात्याला अडून कागद गोळा होत जातो आणि त्याच्या अंगावर बारीक सुरकुत्या पडतात. सगळ्या सुरकुत्या एकाच दिशेने, एकमेकींना समांतर असतात. त्यामुळे हा कागद एकाच बाजूने ताणला जातो. सुरकुत्यांना आडवे ओढले तर त्या उघडतात आणि कागद रुंदावतो. सुरकुत्यांच्या दिशेने ओढले तर तो जागचा हलत नाही, फार जोर लावला तर फाटतो. पाकळी कापताना सुरकुत्या देठापासून टोकाकडे उभ्या आल्या पाहिजेत, म्हणजे मधला भाग दोन्ही अंगठ्यांनी बाजूंना ताणून पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा देता येतो. आडव्या सुरकुत्यांची पाकळी तशी वळत नाही आणि उभी धरली की स्वतःच्या वजनाने लांबून वाकते. गौरींपर्यंत माना टाकणारी फुले बहुधा अशाच पाकळ्यांची असतात.

पाठीमागच्या पडद्यासाठी

चार फूट रुंद, पाच फूट उंच असा पडदा आहे असे धरू. त्याच्या वरच्या एका कोपऱ्यात फुलांचा झुपका हवा आहे. त्याला पाच मोठी आणि सहा मध्यम, अशी अकरा फुले पुरतात. मोठे फूल साधारण वीतभर रुंद, म्हणजे २२ ते २५ सेंटीमीटर. मध्यम फूल म्हणजे तेच फूल, बाहेरचे कडे वगळून केलेले. बाजारात सहज मिळणारे पाकीट बहुधा ५० सेंटीमीटर रुंद आणि दोन मीटर लांब कागदाचे असते. पाकिटावरचे माप वाचूनच घ्या, कारण लांबी कंपनीगणिक बदलते. या मापाची गुलाबी रंगाची दोन पाकिटे, मधल्या तुऱ्यासाठी एक पिवळे आणि पानांसाठी एक हिरवे, एवढा कागद लागतो.

पाकीट उलगडू नका. घडी तशीच ठेवून मोठ्या कात्रीने आडवे काप घ्या. या घडीत सुरकुत्या ५० सेंटीमीटरच्या बाजूने धावतात, म्हणून अशा कापाने मिळणाऱ्या पट्टीत त्या आपोआप उभ्या येतात. पहिल्या गुलाबी पाकिटातून १४ सेंटीमीटर उंचीच्या दोन, १२ची एक आणि ९ची एक पट्टी काढा. दुसऱ्यातून १२च्या दोन आणि ९ची एक. दुसऱ्या पाकिटात १७ सेंटीमीटरचा तुकडा उरेल, तो फाटलेल्या पाकळ्यांच्या भरपाईसाठी राखून ठेवा.

आता प्रत्येक पट्टी उलगडून पाकळीच्या रुंदीइतक्या घड्या घाला आणि वर गोल, खाली निमुळता असा आकार कापा. १४च्या पट्टीच्या पाकळ्या ११ सेंटीमीटर रुंद, १२च्या ९ आणि ९च्या ७ सेंटीमीटर. एका मोठ्या फुलाला बाहेर सहा मोठ्या, मध्ये सहा मध्यम आणि आत पाच लहान पाकळ्या लागतात. एका वेळी सहा-सात थरांहून जास्त कापू नका, खालचे थर सरकून पाकळ्या वाकड्या येतात.

पुढचे काम सावकाश करण्याचे आहे. पाकळीच्या मधोमध, जरा खालच्या अंगाला, दोन्ही अंगठे ठेवा आणि हलकेच बाहेर ताणा. पोटाशी सुरकुत्या थोड्या उघडल्या, पण बोटाला अजून खरखरीत लागत आहेत, इतक्यावर थांबा. कागद गुळगुळीत झाला तर तो जास्त ताणला गेला. त्या सुरकुत्या परत येत नाहीत आणि तिथे पाकळी लिबलिबीत राहते. मग वरची कड पेन्सिलीवर गुंडाळून बाहेरच्या बाजूला वळवा. शेवटी बुडाशी दोन सेंटीमीटरची उभी चीर द्या आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवर चढवून चिकटवा. या चिमटीमुळे पाकळी स्वतःच्या आधाराने उभी राहते. दमट हवेतही तिचा आकार टिकतो तो मुख्यतः हिच्यामुळे.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल वापरा, तोही काडीच्या टोकावर मावेल इतकाच. कणकेची खळ इथे चालत नाही. तिच्यात पाणी जास्त असते, पाण्याने सुरकुत्या सपाट होतात आणि रंग सुटून शेजारच्या पाकळीला लागतो. गरम गोंदाची बंदूक असेल तर काम भरभर होते, मात्र पातळ कागदातून तो गोंद बोटाला भाजतो.

जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याची आठ सेंटीमीटरची चकती कापा आणि मधोमध, एकमेकांपासून सेंटीमीटरभर अंतरावर, दोन भोके पाडा. भोकांतून मजबूत दोरा ओवून त्याची दोन्ही टोके मागच्या बाजूला लोंबती ठेवा. आता चकतीच्या कडेने सहा मोठ्या पाकळ्या लावा. मधले कडे लावताना प्रत्येक पाकळी मागच्या दोन पाकळ्यांच्या फटीसमोर येऊ द्या. एकासमोर एक लावल्या तर फूल समोरून पोकळ दिसते. शेवटी लहान पाकळ्या आणि तुरा. तुऱ्यासाठी आठ सेंटीमीटर उंच, ४० लांब अशी पिवळी पट्टी घ्या, तिला वरून पाच सेंटीमीटरपर्यंत बारीक चिरा द्या, घट्ट गुंडाळा आणि बूड मध्यभागी चिकटवा. पानांच्या सुरकुत्याही उभ्याच हव्यात. दोन थर एकमेकांवर चिकटवले तर पान ताठ राहते.

फुले पडद्यावर चिकटवू नका. सुईने दोऱ्याची दोन्ही टोके कापडातून मागे काढून गाठ मारा. गाठ सोडली की फूल निघते आणि पुढच्या वर्षी वापरता येते. आधी तीन मोठी फुले त्रिकोणात बांधा, मग उरलेली दोन, नंतर मध्यम फुले, शेवटी फटींत पाने. मूर्तीच्या मस्तकामागची जागा मोकळी ठेवली तर मुकुट उठून दिसतो. पडदा बांधल्यावर दाराशी जाऊन एकदा बघा, कारण येणारा पाहुणा आरास तिथूनच पाहतो.

छताला टांगण्यासाठी

वरचे फूल छताला टांगले तर ते फसते. पडद्यावरचे फूल समोरून दिसते, छतावरचे खालून. तिथे चकतीची पाठ आणि पाकळ्यांची बुडे डोळ्यांत भरतात. म्हणून छतासाठी सर्व बाजूंनी उघडणारा गोंडा करतात.

पाकीट आडवे कापून २५ सेंटीमीटर उंचीच्या दोन पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीतून ३३ सेंटीमीटर लांबीचे सहा तुकडे निघतात. सहा तुकड्यांचा एक गोंडा, म्हणजे एका पाकिटात दोन. सहाही तुकडे सुरकुत्या एकाच दिशेला ठेवून रचा आणि कागदी पंख्याला घालतो तशा तीन-तीन सेंटीमीटरच्या उलटसुलट घड्या घाला. घडीची रेघ सुरकुत्यांना समांतर हवी. घडी घालताना कागद ओढू नका, नाहीतर तो इथेच ताणला जाऊन पुढे फुलणार नाही. तयार झालेली २५ सेंटीमीटरची पट्टी मधोमध दोऱ्याने बांधा. दोरा सरकणार नाही इतपत आवळा. कागदात रुतला तर पाकळ्या तिथूनच तुटतात. त्याच दोऱ्याचे लांब टोक टांगण्यासाठी ठेवा. दोन्ही शेवट गोल कापले तर गोंडा डेलियासारखा दिसतो, टोकदार कापले तर कमळाकडे झुकतो.

आता थर सुटे करा. सहांपैकी दोन थर वर उचला आणि चार खाली सोडा. बघणारा खालून बघतो, म्हणून भर खाली हवा. थर टोकाला धरून ओढला की कागद फाटतो. बोटे आत घालून, गाठीजवळ धरून उचला. सगळे थर सुटल्यावर खालच्या पाकळ्यांच्या कडा चिमटीने किंचित ताणल्या की त्यांना लाटांसारखी चुणी येते आणि गोंडा भरतो.

गोंडे छताला चिकटपट्टीने लावू नका. पावसाळी हवेत ओल धरलेल्या रंगावरून ती एका रात्रीत सुटते. समोरासमोरच्या भिंतींत खिळे असतील तर त्यांना सुतळी ताणून बांधा आणि तिच्यावर गोंडे टांगा. दोन गोंड्यांत दीड वीत अंतर आणि दोऱ्यांची लांबी कमीजास्त ठेवली की पाच-सात गोंड्यांत खोलीची ती बाजू भरून दिसते. सुतळी पंख्याच्या वाऱ्यापासून लांब घ्या. सतत हलणारा गोंडा दोऱ्यावर फिरत राहतो आणि पाकळ्या एकमेकींत अडकून चुरगळतात.

हवा, ऊन आणि ज्योत

भाद्रपदातला दमटपणा हा या कागदाचा मोठा शत्रू. तयार पाकळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फुले बांधण्याचे काम आदल्या दोन दिवसांत उरका. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर लाल आणि जांभळा रंग आधी उडतो. त्या बाजूला पिवळी किंवा पांढरी फुले ठेवा. माळा एलईडीच्याच घ्या, गरम होणारे दिवे फुलांजवळ नकोत.

क्रेप कागद झटकन पेट घेतो. समई, निरांजन आणि उदबत्ती यांच्या वर किंवा दोन हातांच्या आत एकही फूल नसावे. आरतीच्या वेळी तबक वर उचलले जाते, हेही आधीच ध्यानात घेऊन गोंड्यांची उंची ठरवा.

आणि एक विनंती. विसर्जनाला मूर्तीबरोबर ही फुले नेऊ नका. निर्माल्यात पडणारी खरी फुले कुजतात. क्रेप कागदाचा रंग मात्र पाण्यात उतरतो, गोंद आणि दोराही तिथेच राहतो. गाठी सोडा, पाकळ्या हलकेच झटका आणि फुले पुठ्ठ्याच्या खोक्यात एकावर एक न रचता ठेवा. उभ्या सुरकुत्यांची, नीट चिमटी दिलेली फुले पुढच्या भाद्रपदातही वापरता येतात.