थकलेली बिलं: आधी कोणाला फोन?

बिलांची थकबाकी वयानुसार लावताना वय बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर देय तारखेपासून मोजतात. हिंगणा एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या फॅब्रिकेशन युनिटच्या शीटमध्ये C मध्ये बिलाची तारीख, D मध्ये देय तारीख, E मध्ये बाकी असेल, तर F मध्ये हे सूत्र येतं:

```
=IF(E2>0,MAX(0,TODAY()-D2),0)
```

मग ३०, ६०, ९० दिवसांचे गट पाडायचे.

समजा, ४५ दिवसांच्या लेखी करारावर दोन बिलं थकली आहेत: २,४०,००० रुपये १२ दिवस आणि ३५,००० रुपये ९५ दिवस. रक्कम पाहून पहिल्याचाच पाठपुरावा होतो. पण दुसऱ्या बिलाला तारखेपासून १४० दिवस झाले. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्यावरचं जीएसटी इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे ४० दिवस हातात आहेत, आणि हा मुद्दा खरेदीदाराच्या अकाउंटंटला लगेच पटतो. शिवाय नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार ४५ दिवसांपलीकडे बँक दराच्या तिप्पट व्याज मागता येतं. मोठ्या बिलाला तूर्त आठवणीचा एक फोन पुरे.

मालाबद्दल तक्रार असलेलं बिल मात्र वेगळ्या खुणेनं ठेवावं. तिथे वसुलीआधी तक्रार मिटवावी लागते.

शीट फसते ती बहुधा तारखेत. शीटची मांडणी अमेरिकन असेल तर ५ एप्रिलचं 05/04 गुपचूप ४ मे होतं. 25/04 मात्र मजकूर म्हणून डावीकडे चिकटतं आणि #VALUE! दाखवतं, त्यामुळे निदान लक्षात तरी येतं.